कंबर मोजल्याशिवाय कुणालाही 'ग्रीन' ठरवू नका : आमच्या कंपनीच्या वेलनेस कमिटीला खुलं पत्र

प्रति,
वेलनेस कमिटी, एचआरमधले साहेब आणि मॅडम, आणि आमच्या वार्षिक चेकअपचं पॅकेज ठरवणारे सगळे,

सप्रेम नमस्कार.

मी भोसरीच्या आपल्या प्लांटमध्ये क्वालिटीला आहे, चौदा वर्षं झाली. गेल्या महिन्यात नोटीस बोर्डवर जे सर्क्युलर लागलं ते वाचून मी आधी दोन मेल केले, एकदा केबिनमध्ये येऊनही बोलले, "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळालं, म्हणून आता हे उघडपणे लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण हे फक्त आपल्याकडेच चाललंय असं नाही, माझ्या बहिणीच्या ऑफिसात आणि नणंदेच्या बँकेतही थोड्याफार फरकानं हेच आहे.

सर्क्युलर असं आहे: येत्या एप्रिलपासून ज्याचा बीएमआय 25 च्या आत त्याला ग्रीन कार्ड, त्याला फॅमिली पॉलिसीच्या हप्त्यात सवलत. ज्याचा 25 च्या वर तो रेड, त्याची सवलत बंद, त्याला वजन कमी करायच्या प्रोग्रामला बसावं लागणार. आणि पुढच्या टेस्ट, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीएवनसी, लिव्हर, लिपिड, या फक्त रेडवाल्यांच्या. ग्रीनवाल्याला उपाशीपोटीची शुगर, बीपी आणि वजन, संपलं.

हा शेवटचा भाग मला मान्य नाही आणि का नाही ते आधी घरातलंच सांगते.

माझा नवरा आपल्याच प्लांटला प्लॅनिंगमध्ये आहे. वय 43, उंची 166, वजन 65 किलो. बीएमआय 23.6. गेली तीन वर्षं त्याच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर हिरवा गोल येतोय. अंगानं बारीकच, हातपाय काड्या, शर्ट बाहेर सोडला की कुणाला वाटायचं नाही की पोट आहे. मागच्या वर्षी आतल्या पानावर उपाशीपोटीची शुगर 104 होती, पण पहिलं पान हिरवं असल्यावर आतलं पान कोण बघतं, आम्हीही नाही बघितलं आणि कॅम्पच्या डॉक्टरांनीही नाही. दिवाळीनंतर दाढ काढायची होती, दातांचे डॉक्टर आधी शुगर करून या म्हणाले, आणि तिथं कळलं की मधुमेह आहे. एचबीएवनसी 7.4. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. त्याची पहिली प्रतिक्रिया काय होती माहितीये? "अगं पण माझं वजन नॉर्मल आहे." तो ते कुणाला तरी पटवून देत असल्यासारखं चारदा म्हणाला.

त्या रात्री मी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली टेप काढली. तो म्हणाला मोजायचं काय, माझी पँट 34 ची आहे, म्हणजे 86 सेंटिमीटर. मी मोजली तर 93 आली. पँट बेंबीच्या खाली, पोटाच्या खालून बसते, म्हणजे पँटचा नंबर ही कमरेची मोजणी नाहीच, हे मला त्या दिवशी कळलं. आणि शिंप्याची कापडी टेप वर्षानुवर्षं ताणून ढिली होते म्हणून दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या कॅलिब्रेटेड स्टील टेपला लावून तपासली, दीड मीटरला तीन मिलिमीटर फरक होता, तो इथे चालण्यासारखा आहे. 93 म्हणजे 93च.

आता दुसरा माणूस. आमच्या हीट ट्रीटमेंटला एक सहकारी आहे, लहानपणापासून तालमीतला, अजून रोज सकाळी जोर-बैठका. उंची 172, वजन 83, बीएमआय 28.1. रेड. त्याला विचारून त्याची कंबर मोजली, 85 सेंटिमीटर. त्याची शुगर, लिपिड सगळं व्यवस्थित आहे, रेड असल्यामुळे टेस्ट झाल्या म्हणून कळलं. सवलत त्याची जाणार आणि माझ्या नवऱ्याला मिळणार. मला ती सवलत नको आहे.

साहेब, आपल्या लाईनवर कुठला जॉब आपण नुसतं वजन करून पास करतो का? वजन बरोबर आलं आणि बाहेरचा व्यास ड्रॉइंगपेक्षा जास्त निघाला तर तो रिजेक्ट होतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपण वजन आणि लांबी घेतो आणि घेर सोडून देतो.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गणित बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांचं, 1830 च्या दशकातलं. ते डॉक्टर नव्हते, खगोल आणि संख्याशास्त्रवाले होते, त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता. 1972 साली अँसेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, तेही मोठ्या लोकसंख्येचा अभ्यास करायला सोपं पडतं म्हणून. हजारो माणसांची तुलना करायला तो अजूनही उपयोगी आहे, ते मी नाकारत नाही. पण एका माणसाच्या अंगातला स्नायू किती, चरबी किती, आणि ती चरबी मांडीवर आहे की पोटाच्या आत लिव्हर-आतड्यांभोवती, यातलं काहीही त्यात नाही. आणि धोका बराचसा त्या शेवटच्या प्रश्नावर ठरतो, कारण पोटाच्या आतली चरबी लिव्हरच्या कामात ढवळाढवळ करते, इन्सुलिन नीट चालेनासं होतं, तिथून शुगर आणि ट्रायग्लिसराईड वर जायला लागतात.

आणि हे आपल्या पुण्यातच सगळ्यात स्पष्ट दाखवलं गेलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय सारखा, 22.3. स्कॅनमध्ये युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. दिसायला बारीक पण आतून जाड, ही आपली ठेवण, जन्मापासून दिसते असं त्यांचं काम सांगतं. हे काम झालं ते रास्ता पेठेत, आपल्या गेटपासून तासाभराच्या अंतरावर.

तर माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली, तुमची 25 ची रेघच आपल्या लोकांसाठी नाही. आशियाई लोकांत धोका आधी सुरू होतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 मध्ये 23 चा आकडा पुढे आणला, आणि 2009 मध्ये भारतातल्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवलं की 23 च्या वर जादा वजन, 25 च्या वर लठ्ठपणा, आणि कंबर पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी. या हिशोबानं माझा नवरा बीएमआयवरही हिरवा नव्हता आणि कमरेवर तर नव्हताच. पण नुसती रेघ 25 वरून 23 ला आणली की झालं असं समजू नका. तसं केलं तर नवरा पकडला जाईल हे खरं, पण तालमीतला गडी आणखी लाल होईल, आणि 22 बीएमआयचा पोट सुटलेला माणूस तसाच हिरवा राहील.

दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर. मी केबिनमध्ये आले तेव्हा मला सांगितलं गेलं की डायग्नोस्टिक सेंटरवाले पुढच्या वर्षी "ॲडव्हान्स्ड पॅकेज" देणार आहेत, त्यात बीआरआय आणि एबीएसआय असे दोन नवीन इंडेक्स येतील आणि त्यावरून हिरवा-लाल ठरेल. मला आधी बरं वाटलं, मग मी त्या दोन्हीबद्दल वाचलं, गणितं करून बघितली, आणि आता मला भीती वाटते की आपण एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा आंधळेपणानं आणून बसवू. गणितं ही अशी आहेत, W किलोत, उंची H आणि कंबर WC दोन्ही मीटरमध्ये:

```
BMI  = W / H^2
BRI  = 364.2 - 365.5 * sqrt(1 - (WC / (pi * H))^2)
ABSI = WC / (BMI^(2/3) * H^(1/2))
```

बीआरआय म्हणजे बॉडी राउंडनेस इंडेक्स, अंगाचा गोलपणा. डायना थॉमस या गणितज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मांडला. कल्पना सुंदर आहे: माणूस म्हणजे उभा लंबगोल धरा, उंची ही त्याची लांब बाजू आणि कमरेच्या घेरावरून निघते ती आडवी बाजू, मग तो लंबगोल किती चपटा आणि किती गोल ते काढा, जसं ग्रहांच्या कक्षेचं काढतात. आकडा साधारण 1 पासून सुरू होतो आणि माणूस जितका गोल तितका वाढत जातो.

पण फॉर्म्युला नीट बघा. त्यात W नाहीच. फक्त कंबर भागिले उंची आहे, बाकी सगळे स्थिर आकडे. म्हणजे ज्या दोन माणसांची कंबर उंचीच्या सारख्याच प्रमाणात आहे त्यांचा बीआरआय सारखाच येणार, वजन काहीही असो, आणि शंभर जणांना बीआरआयनं रांगेत उभं करा किंवा कंबर-उंचीच्या साध्या भागाकारानं, रांग तीच राहील. एकाचाही नंबर बदलणार नाही. तेव्हा बीआरआय हा बीएमआयपेक्षा धोका चांगला ओळखतो असं कुणी सांगितलं तर त्याचा अर्थ एवढाच की कंबर मोजली म्हणून ओळखता आला. त्यासाठी वर्गमूळ लागत नाही आणि जादा पैशाचं पॅकेज तर नाहीच लागत. नवऱ्याचा भागाकार 93 भागिले 166, म्हणजे 0.56. तालमीतल्या सहकाऱ्याचा 85 भागिले 172, 0.49. ब्रिटनच्या नाईस या सरकारी संस्थेनं 2022 पासून लोकांना हेच सांगितलंय की कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा, 0.5 ते 0.59 म्हणजे धोका वाढलेला, 0.6 आणि पुढे जास्त धोका.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. बीआरआयवर 2024 मध्ये एक मोठा अमेरिकन अभ्यास आला, जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात, जवळजवळ 33 हजार प्रौढ माणसं. त्यात बीआरआयचे पाच गट पाडले आणि मृत्यूचं प्रमाण बघितलं. 4.45 ते 5.46 हा मधला गट तुलनेला धरला. त्याच्या मानानं 6.91 आणि पुढच्या गटात मृत्यूचा धोका 49 टक्के जास्त, आणि 3.41 च्या खालच्या गटातही 25 टक्के जास्त. दोन्ही टोकं वाईट, मध्य बरा. आता आपल्या दोन माणसांचे आकडे घाला. नवऱ्याचा बीआरआय 4.56. सहकाऱ्याचा 3.25. म्हणजे हा अमेरिकन तक्ता जसाच्या तसा सॉफ्टवेअरमध्ये टाकला, तर मधुमेह झालेला माझा नवरा पुन्हा नेमका सुरक्षित गटात बसतो आणि रोज तालीम करणारा माणूस पुन्हा धोक्याच्या गटात जातो! मी हे तीनदा करून बघितलं, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.

चूक अभ्यासाचीही नाही. तो अभ्यास अमेरिकेतल्या लोकांचा, म्हाताऱ्यांसकट सगळ्या वयांचा, आणि मोजलंय ते मरण, मधुमेह नाही. कमी बीआरआयच्या गटात नुसते धडधाकट बारीक लोक नसतात, आजारानं किंवा वयानं झिजलेलेही असतात, त्यामुळे त्या टोकालाही मृत्यू वाढलेले दिसतात. तिकडची सरासरी कंबरच मोठी, त्यामुळे त्यांचा 'मधला गट' आपल्याकडे मधला नाही. आपल्या मापाचा तक्ता जोवर आपल्या लोकांवरून तयार होत नाही तोवर बीआरआयच्या आकड्याला हिरवा-लाल रंग देणं म्हणजे दुसऱ्याच ड्रॉइंगचा टॉलरन्स आपल्या जॉबला लावणं आहे.

एबीएसआयचं वेगळं आहे. त्याचं पूर्ण नाव अ बॉडी शेप इंडेक्स, 2012 मध्ये नीर क्राकाउअर आणि जेसी क्राकाउअर या बापलेकांनी काढला, मुलगा सिव्हिल इंजिनिअरिंगचा प्राध्यापक आणि बाप डॉक्टर. अमेरिकेच्या सरकारी सर्व्हेतल्या 14,105 लोकांची मापं घेऊन, साधारण पाच वर्षांत त्यातले 828 जण गेले, त्यावरून त्यांनी बघितलं की कोण जास्त धोक्यात होतं. त्यांचा प्रश्न मला फार पटला. ते विचारत नाहीत की तुमची कंबर किती, ते विचारतात की तुमच्याएवढ्या उंचीच्या आणि तुमच्याएवढ्या बीएमआयच्या माणसाची जेवढी कंबर असायला हवी त्यापेक्षा तुमची जास्त आहे का. म्हणजे वजनाचा परिणाम मुद्दाम बाजूला काढून उरतो तो नुसता आकार. हातापायाचा स्नायू कमी आणि पोट जास्त असा माणूस त्यात बरोबर वर येतो. सरासरी 0.08 च्या आसपास असते. नवऱ्याचा आला 0.0878, सहकाऱ्याचा 0.0702. इथे मात्र दोघंही आपापल्या जागी बसले. बीएमआयनं ज्याला हिरवा म्हटलं तो इथे वर आणि ज्याला लाल म्हटलं तो खाली.

मग एबीएसआयच लावा म्हणून मी म्हणेन असं तुम्हाला वाटेल. नाही म्हणणार. एक उदाहरण घ्या, 170 सेंटिमीटर उंच, 110 किलो वजन, कंबर 112. बीएमआय 38, कुठलाही डॉक्टर काळजी करेल. त्याचा एबीएसआय येतो 0.0759, सरासरीच्याही खाली. कारण बीएमआय खाली भागायला आहे, वजन जितकं जास्त तितकी मोठी कंबर त्या गणितात माफ होते. एकट्या एबीएसआयवर कार्ड काढलं तर हा माणूस हिरवा होईल, आणि शुगर-बीपी असणारा माणूस ओळखायला तर एकटा एबीएसआय साध्या कमरेच्या मापापेक्षाही बऱ्याचदा कमी पडतो असं पुढच्या अभ्यासांत दिसलंय. ज्यांनी तो काढला त्यांनीही तो बीएमआयच्या जागी नाही, बीएमआयच्या जोडीला काढलाय. शिवाय तो वय आणि बाई-पुरुष बघून वाचावा लागतो, नुसता आकडा छापून काही कळत नाही. आणि तो भयंकर नाजूक आहे. बहुतेक लोकांचे आकडे 0.07 ते 0.09 च्या एवढ्याशा पट्ट्यात असतात, त्यात टेप तीन सेंटिमीटर खाली-वर लागली तर माझ्या नवऱ्याचा 0.0878 चा 0.0849 होतो. टेप कुठे आणि कशी लावली यावर सगळं अवलंबून.

म्हणून तिसरी तक्रार, मोजण्याच्या पद्धतीची. मागच्या कॅम्पला उंची कशी घेतली आठवतंय का, भिंतीला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर, सेफ्टी शूज घालून. बूट काढायला सांगितलं नाही. नवऱ्याची उंची त्यात 169 लिहिलीये, म्हणजे बीएमआय 22.8 झाला, तोही खोटा. अशाच घाईत कंबर मोजणार असाल तर नका मोजू.

कंबर मोजायची रीत जागतिक आरोग्य संघटनेनं लिहून ठेवलीये आणि ती अवघड नाही. शेवटची बरगडी हातानं चाचपायची, बाजूनं कमरेच्या हाडाचं वरचं टोक चाचपायचं, दोन्हीच्या बरोबर मध्ये टेप, जमिनीला समांतर, पाठीमागे खाली घसरलेली नाही ना ते बघायचं. पाय जवळ, हात मोकळे, आणि साधा श्वास सोडून झाल्यावर वाचायचं. पोट आत ओढलेलं चालत नाही, पुरुष हमखास ओढतात, नवऱ्यानंही पहिल्यांदा ओढलं होतं आणि 89 आली होती. दोनदा मोजायचं, सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा. न ताणणारी टेप हवी. आणि लक्षात घ्या की अमेरिकेच्या त्या सर्व्हेत टेप कमरेच्या हाडाच्या लगेच वर लावतात, म्हणजे जागाही थोडी वेगळी, त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे न लावण्याचं हे आणखी एक कारण.

बायकांचं वेगळं सांगते कारण कमिटीत आमच्यापैकी एकच आहे. पत्र्याच्या शेडमध्ये रांगेत उभं करून सगळ्यांसमोर कंबर मोजणार असाल तर अर्ध्या जणी त्या दिवशी सुट्टी टाकतील. पडदा पाहिजे, मोजणारी बाई पाहिजे, आणि आकडा मोठ्यानं ओरडून सांगायचा नाही. वजन तसंच ओरडून सांगतात दरवर्षी. आणि गरोदर बाईची आणि नुकत्याच बाळंत झालेलीची कंबर मोजून काही निष्कर्ष काढायचा नाही, हे फॉर्मवरच छापलेलं असू द्या.

चौथी तक्रार छोटी आहे पण मला सगळ्यात जास्त लागली. माझी चुलत जाऊ नारायणगावच्या पुढे एका खेड्यात आशा सेविका आहे. तिच्याकडे घरोघरी जाऊन भरायचा जो सरकारी फॉर्म असतो, तिशीपुढच्या प्रत्येकाचा, त्यात कमरेच्या मापाचा रकाना आहे, बायकांना 80 आणि 90, पुरुषांना 90 आणि 100 अशा पायऱ्या आहेत आणि त्यावर गुण आहेत. वजन-उंचीचा हिशोब त्या गुणांत नाहीच. मद्रासच्या डॉ. मोहन यांच्या गटानं 2005 मध्ये काढलेला भारतीय मधुमेह धोक्याचा स्कोअरही असाच आहे, वय, कंबर, व्यायाम आणि आईवडिलांना मधुमेह आहे का, बस. म्हणजे खेड्यातली आशाताई साध्या टेपनं जे मोजते ते एसी हॉलमधल्या आपल्या कॅम्पला तीन वर्षांत एकदाही मोजलं गेलं नाही. ती मला म्हणाली, "तुमच्याकडं दाजींचं कुणी मापच नाही घेतलं होय?" मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही.

सरकारच्याच पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019 ते 21 चा, पहिल्यांदा देशभर कंबर आणि नितंबाचा घेर मोजला. बीएमआयनं बघितलं तर जादा वजनाच्या बायका 24 टक्के आणि पुरुष 23 टक्के. कंबर-नितंबाच्या प्रमाणानं धोक्यात निघाल्या 57 टक्के बायका आणि 48 टक्के पुरुष. या दोन आकड्यांच्या मधे जे लोक आहेत त्यांत माझा नवरा होता. आपल्या प्लांटला साडेसहाशे माणसं आहेत, त्या मधल्या जागेत किती असतील याचा विचार करा, त्या सगळ्यांच्या रिपोर्टवर या वर्षीही हिरवा गोल येणार आहे.

जानेवारी 2025 मध्ये लॅन्सेटच्या आंतरराष्ट्रीय कमिशननंही सांगून झालंय की एकट्या बीएमआयवर लठ्ठपणा ठरवू नका, कंबर किंवा कंबर-उंचीचं प्रमाण किंवा प्रत्यक्ष चरबीची मोजणी यातलं काहीतरी जोडीला घ्या. तेव्हा "डॉक्टर लोक बीएमआयच वापरतात" हे जे मला केबिनमध्ये सांगितलं गेलं, ते अर्धंच खरं आहे.

आता मागण्या. फार नाहीत.

एप्रिलच्या कॅम्पला प्रत्येकाची कंबर मोजा, वर लिहिलेल्या पद्धतीनं, बूट काढून उंचीसह, आणि बायकांसाठी पडद्याआड. आमच्या डिपार्टमेंटकडून कॅलिब्रेट केलेल्या चार टेप आणि एक उंचीचा स्टँड मी द्यायला तयार आहे, प्लांट हेडना विचारून ठेवलंय, ते हो म्हणालेत.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर बीएमआयच्या शेजारी कंबर आणि कंबर-उंचीचा भागाकार छापा. ज्याचा भागाकार 0.5 किंवा जास्त, किंवा कंबर पुरुषाची 90 आणि बाईची 80 पेक्षा जास्त, किंवा बीएमआय 23 च्या वर, यातलं एकही लागू झालं तरी त्याची एचबीएवनसी, लिपिड आणि लिव्हरची टेस्ट करा. घरात मधुमेह असेल तर मापं काहीही असोत तरी करा. खर्च वाढेल, मला मान्य आहे. तालमीतल्या माणसाचीही टेस्ट होईल बीएमआयमुळे, होऊ द्या, टेस्ट होणं ही शिक्षा नाही.

सवलत आणि रंग मात्र बंद करा. शरीराच्या मापावर कुणाचा हप्ता कमी-जास्त करू नका, बीएमआयवर नको आणि कमरेवरही नको. मी इतका वेळ कंबर मोजा म्हणतेय ते आजार लवकर सापडावा म्हणून. त्यावर पैसे लावलेत तर लोक पोट आत ओढून उभे राहतील, आदल्या दिवशी उपाशी राहतील, आणि जो खरा आकडा पाहिजे तोच मिळणार नाही. क्वालिटीत हे मी रोज बघते, ज्या रीडिंगवर इन्सेन्टिव्ह लागतो ते रीडिंग पहिलं बिघडतं.

बीआरआय आणि एबीएसआय छापायचे असतील तर छापा, माहिती म्हणून, पण त्यांना हिरवा-पिवळा-लाल लावू नका, आणि त्यासाठी जादा पैसे घेणारं पॅकेज घेऊ नका, कारण बीआरआयला लागतं ते सगळं टेपमध्ये आहे आणि एबीएसआयला फक्त वजनकाटा जोडीला. सेंटरवाल्यांनी रंग लावायचाच म्हटलं तर त्यांना एकच प्रश्न विचारा: ही रेघ कुठल्या देशातल्या, कुठल्या वयाच्या लोकांवरून आणली, आणि त्यात काय मोजलं होतं, मधुमेह की मृत्यू. उत्तर लेखी घ्या.

आणि मागच्या तीन वर्षांत ज्यांच्या रिपोर्टवर हिरवा गोल आलाय पण उपाशीपोटीची शुगर 100 च्या वर होती अशा सगळ्यांची यादी डॉक्टरांकडून काढून घ्या आणि त्यांना एप्रिलची वाट न बघता बोलवा. आकडे तुमच्याच फायलीत आहेत. यादी डॉक्टरांपाशीच राहू द्या, बोर्डवर लावू नका.

तोपर्यंत हे वाचणाऱ्या प्लांटमधल्या सगळ्यांसाठी, टेप नसेल तरी चालेल. सुतळी घ्या, स्वतःच्या उंचीएवढी कापा, डोक्यापासून टाचेपर्यंत, कुणालातरी धरायला सांगून. मधोमध दुमडा. ती दुमडलेली सुतळी बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधून, पोट सैल सोडून, कमरेभोवती गुंडाळा. दोन टोकं भेटली तर ठीक. नाही भेटली तर वजन कितीही असो, हिरवं कार्ड असो नसो, डॉक्टरांकडे जाऊन एचबीएवनसी करून घ्या. आमच्या भाषेत हा गो-नोगो गेज आहे, आकडा देत नाही, फक्त पुढे तपासायचं की नाही ते सांगतो. नवऱ्याच्या सुतळीच्या दोन टोकांमध्ये दहा सेंटिमीटरची फट राहिली होती. काल मोजली तेव्हा आठ. तो रोज संध्याकाळी चालायला जातो आता, गोळी चालू आहे.

कमिटीची मीटिंग 20 तारखेला आहे असं कळलं. मला दहा मिनिटं द्या, दोन्ही माणसांचे आकडे आणि त्यांची लेखी परवानगी घेऊन मी येते.

आपली,
क्वालिटी डिपार्टमेंटमधली एक कर्मचारी
भोसरी